पाठांतर: तोंडातलं आणि पोथीतलं

मराठीत ‘पाठांतर’ या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. घरात ‘पाढे पाठांतर कर’ म्हटलं, तर जसेच्या तसे तोंडात बसव, अक्षर हलू देऊ नको. पोथ्या धुंडाळणारा अभ्यासक ‘या ओवीला पाठांतर आहे’ म्हणतो, तेव्हा दुसऱ्या पोथीत शब्द वेगळा आहे. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, तेव्हाच्या त्यांच्या ओवीत शब्द दुसऱ्या अर्थाने येतो: ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध। परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध.’ मूळ ग्रंथ चोख होता, नकला होताहोता बिघडला.

धर्मग्रंथ किती जुना, किती अस्सल, हा वाद निघाला की लोक यातली एकच बाजू धरतात. एक म्हणतो, सर्वांत जुनी पोथी दाखवा. दुसरा म्हणतो, पिढ्यान्‌पिढ्या तोंडी आलंय, पोथी कशाला? इतिहासकार दोघांनाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करतो आणि विचारतो, तू कुठे कुठे चुकतोस? कारण डोळ्याची चूक वेगळी असते आणि जिभेची वेगळी. हे ऋग्वेदावर नीट दिसतं, म्हणून तोच घेऊ. आणि शेवटी तपासायला घेऊ आपल्यातल्या बहुतेकांना पाठ असलेली एक ऋचा: ‘त्र्यम्बकं यजामहे’.

आधी पोथीचं वय. पोथीच्या शेवटी लेखनिक जो मजकूर लिहितो त्याला पुष्पिका म्हणतात: कोणी लिहिली, कुठे, कोणत्या शकात किंवा संवतात, कधीकधी तिथी आणि वारही. शालिवाहन शकात 78 मिळवले की इसवी सन येतो (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी 79), विक्रम संवतातून 57 वजा केले की साधारण इसवी सन मिळतो. हे सोपं. पण पुष्पिकेतला आकडा खरा मानायचा का, हे तपासण्याची युक्ती जास्त मजेदार आहे.

एकनाथांचीच ओवी घ्या: ‘शके पंधराशें साहोत्तरीं। तारण नाम संवत्सरीं.’ इथे एकाच वर्षाच्या दोन खुणा आहेत. शक 1506 आणि संवत्सराचं नाव तारण. साठ संवत्सरांचं चक्र पंचांगात असतंच. शकात 12 मिळवायचे, 60 ने भागायचं, बाकी उरेल तो क्रमांक. 1506 अधिक 12 म्हणजे 1518, बाकी 18. प्रभव, विभव, शुक्ल असं मोजत गेलं की अठरावा निघतो तारण. जुळलं. आता समजा एखाद्या नकलाकाराने चुकून 1560 लिहिलं असतं, तर बाकी 12 आली असती आणि बारावा संवत्सर बहुधान्य आहे. चूक लगेच उघडी पडली असती. तिथीबरोबर वारही दिलेला असेल तर तपासणी आणखी धारदार होते, कारण त्या तिथीला तोच वार होता का हे गणिताने काढता येतं. मात्र वार सातांतून एकदा योगायोगानेही जुळतो, आणि ज्याच्याकडे पंचांग आहे असा लबाड माणूस सगळंच जुळवून लिहू शकतो.

खरा फसवा प्रकार मात्र लबाडीचा नसतो, प्रामाणिकपणाचा असतो. समोरची पोथी उतरवताना लेखनिक तिची पुष्पिकाही उतरवतो. मग शंभर-दीडशे वर्षांनी केलेल्या नकलेवरही जुनाच शक बसतो. एकनाथांची ती ओवी नंतरच्या कितीतरी प्रतींत आहे, म्हणून त्या सगळ्या 1584 सालच्या होत नाहीत. पुष्कळ लेखनिक तर शेवटी हातच झटकतात: ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया। यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न विद्यते॥’ पुस्तक पाहिलं तसं लिहिलं, शुद्ध असो वा अशुद्ध, माझ्याकडे बोट दाखवू नका. मला हा श्लोक पुष्पिकेतल्या तारखेपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतो.

म्हणून तारखेच्या जोडीला अक्षराचं वळण पाहतात. जुन्या देवनागरीत ‘के’मधली मात्रा डोक्यावर न काढता अक्षराच्या आधी उभी रेघ ओढून दाखवत. तिला पृष्ठमात्रा म्हणतात. ती नियमाने असेल आणि तारीख अठराव्या शतकातली असेल, तर काहीतरी विचित्र आहे. पण वळणावरून निघणारं वय पन्नास-शंभर वर्षांच्या पट्ट्यातच सांगता येतं, कारण म्हातारा लेखनिक तरुणपणी शिकलेलं अक्षरच आयुष्यभर काढतो.

राहिला कार्बन. झाड जिवंत असताना हवेतला किरणोत्सारी कार्बन घेत असतं. साल सोललं की घेणं थांबतं आणि असलेला कार्बन ठरलेल्या गतीने कमी होत जातो. उरलेला मोजला की झाड कधी मेलं ते कळतं. इथे ‘झाड’ हा शब्द महत्त्वाचा. शाई कधी लागली ते कळत नाही, मजकूर कधी रचला ते तर मुळीच नाही. बख्शाली हस्तलिखिताची गोष्ट यावर चांगली आहे. हा भूर्जपत्रांवरचा, म्हणजे भूर्ज झाडाच्या सालीवर लिहिलेला, गणिताचा ग्रंथ 1881 साली पेशावरजवळ सापडला, आता ऑक्सफर्डमध्ये आहे. 2017 साली त्याच्या तीन पानांचे निकाल जाहीर झाले: एक इसवी सन 224 ते 383, दुसरं 680 ते 779, तिसरं 885 ते 993. एकाच पोथीची तीन पानं आणि अंतर सहाशे वर्षांचं! वर्तमानपत्रांनी सर्वांत जुनी तारीख उचलली आणि ‘शून्य तिसऱ्या शतकात’ अशा बातम्या आल्या. गणिताच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतला, की लिखाण पाहता हा एका वेळी लिहिलेला सलग ग्रंथ दिसतो. तसं असेल तर पोथी तिच्या सर्वांत नव्या पानापेक्षा जुनी असूच शकत नाही. प्रयोगशाळेचा आकडा चुकीचा असेलच असं नाही, पण तो पानाविषयी बोलत होता आणि लोकांनी तो ग्रंथाविषयी ऐकला.

आता ऋग्वेद. पुण्याच्या भांडारकर संस्थेत ऋग्वेदाच्या 30 पोथ्या आहेत, ज्यांना 2007 साली युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदवहीत जागा मिळाली. त्यांत काश्मीरहून आलेली शारदा लिपीतली एक भूर्जपत्राची पोथीही आहे. या संग्रहातली सर्वांत जुनी पोथी 1464 सालची. आणि बहुतेक अभ्यासक ऋग्वेदाची रचना इसवी सनापूर्वी 1500 ते 1000 या काळात मानतात. मध्ये अडीच ते तीन हजार वर्षांची पोकळी. ‘सर्वांत जुनी पोथी दाखवा’ म्हणणारा इथे थांबतो आणि म्हणतो, मग ग्रंथ पंधराव्या शतकातला.

तसं नाही हे कशावरून? एक म्हणजे पोथ्या उशिराच्या असण्याचं कारणच माहीत आहे. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्खू इत्सिंग लिहितो, की वेद तोंडातून तोंडात जातात, कागदावर की पानावर उतरवत नाहीत. 1030च्या सुमारास अल्-बिरुनी सांगतो, की काश्मीरच्या वसुक्र नावाच्या ब्राह्मणाने थोड्याच काळापूर्वी वेद लिहून काढला, कारण तो विसरला जाईल अशी त्याला भीती वाटली. दोघेही बाहेरचे, दोघांनाही वेदाची बढाई मारण्याचं कारण नव्हतं. दुसरं म्हणजे इतर ग्रंथ. पाणिनी आपल्या सूत्रात शाकल्याचं नाव घेऊन त्याचं मत देतो. शाकल्य म्हणजे ज्याने ऋग्वेदाच्या प्रत्येक ऋचेचे शब्द सुटे करून पदपाठ बांधला तो. पाणिनी इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे शाकल्य त्याच्याही आधीचा, आणि पदपाठ करायचा तर संहिता, म्हणजे संधीसकट सलग पाठ, त्याहून जुनी असायलाच हवी. असं एकेक खुंटी मागे मागे ठोकत जायचं. तिसरी खुंटी मजकुरातच आहे: ऋग्वेदात धातूला नुसतं ‘अयस्’ म्हटलंय, अथर्ववेदात ‘श्याम’ म्हणजे काळा अयस् येतो, तो लोखंड मानतात. ऋग्वेदाच्या ऋषींना लोखंड माहीत नव्हतं असं दिसतं. पंधराव्या शतकातल्या कोणी हा ग्रंथ रचला असता, तर इतकं भान ठेवणं त्याला जमलं नसतं.

पण ‘ग्रंथ जुना आहे’ म्हणजे ‘आपल्याकडे आलेलं अक्षर जुनं आहे’ असं नव्हे. तोंडी गोष्टी बदलतात हे आपल्याला जात्यावरच्या ओव्यांवरून चांगलं ठाऊक आहे. एकच ओवी दोन गावांत दोन तऱ्हांनी गातात, आणि त्यात बाईचं काही चुकलं असं कोणी म्हणत नाही. ओवी आहेच तशी, गाणारीची. तोंडी परंपरा म्हटल्यावर सगळ्या एकाच मापाने मोजायच्या नसतात, ती बदलायची मुभा देते की बदलाला चूक म्हणते, ते आधी पाहायचं.

वेदाची संथा दुसऱ्या टोकाला आहे. गुरू एकदा म्हणतो, शिष्य दोनदा. संहिता झाली की सुटी पदं, मग पदांच्या जोड्या, मग जटा, मग घन. ‘अग्निम्’ आणि ‘ईळे’ या पहिल्या दोन शब्दांची जटा अशी: ‘अग्निमीळ ईळेऽग्निमग्निमीळे’. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा. घनात तीन शब्द घेऊन 12, 21, 123, 321, 123 अशी फिरकी असते. मोजून पाहा: ओळीच्या मधला शब्द घनात तेरा वेळा तोंडातून जातो, कधी शेजाऱ्याच्या पुढे, कधी मागे, आणि प्रत्येक वेळी संधी बदलतो. घनपाठ्याच्या तोंडून एखादा शब्द गळाला, तर एकाच ठिकाणी खड्डा पडत नाही, तेरा ठिकाणी गाडी अडते. लेखनिकाचा डोळा मात्र एका ओळीवरून खालच्या ओळीतल्या तशाच शब्दावर घसरला, तर मधला मजकूर गुपचूप गळतो आणि वाक्य पुष्कळदा अर्थपूर्णच राहतं.

म्हणून इथे तोंडाची साक्ष पोथीपेक्षा वजनदार ठरते. शिवाय एक गोष्ट लोक विसरतात. ऋग्वेदाच्या पोथ्या लिहिणाऱ्याला ऋचा बहुधा पाठ असायच्या, नसल्या तर पाठ असलेला कोणी पोथी तपासायचा. त्यामुळे पोथी आणि वैदिक दोघे जुळले, तर त्या दोन साक्षी होत नाहीत. एकाने दुसऱ्याला पढवलेलं आहे. दहा पोथ्या जुळतात म्हणून दहापट पुरावा, हा हिशोब चुकीचा.

मग या परंपरेची चूक कधी पकडताच येत नाही का? येते, आणि ती पकडून देते वृत्त. शाळेत लघु-गुरू केलेत, ते आठवा. सातव्या मंडलाच्या 56 व्या सूक्तात मरुतांविषयी, म्हणजे वादळवाऱ्याच्या देवांविषयी, ओळ आहे: ‘शुचिजन्मानः शुचयः पावकाः’. अकरा अक्षरं, त्रिष्टुभ. या छंदात सुरुवातीला थोडी मोकळीक असते, पण शेवट ठरलेला: शेवटच्या चार अक्षरांत गुरू, लघु, गुरू आणि मग काहीही. आता म्हणून पाहा: ‘यः पा व काः’. गुरू, गुरू, लघु, गुरू. ठेका मोडला. ‘पवाकाः’ म्हणा: ‘यः प वा काः’. बसलं. एकाच ओळीवरून काही म्हणता येणार नाही, पण हा शब्द ऋग्वेदात जिथे जिथे वृत्ताच्या पक्क्या जागी येतो तिथे तिथे ‘पवाक’च मागतो, आणि पाठ मात्र सगळीकडे ‘पावक’ आहे. ऋषी पवाक म्हणत होते. पुढच्या काळातल्या संस्कृतात पावक रूढ झालं आणि ते मागे जाऊन ऋचांत बसलं. हे झालं पाठ पक्का होण्याआधी. त्यानंतर हजारो वर्षं प्रत्येक घनपाठ्याने ती चूक विलक्षण निष्ठेने, एकही मात्रा न चुकवता, जपली. घनाचं कुलूप भक्कम आहे, पण ते लावलं त्या दिवशी पेटीत जे होतं तेच ते राखतं.

आता आपली ऋचा. ‘त्र्यम्बकं यजामहे सुगन्धिं पुष्टिवर्धनम्। उर्वारुकमिव बन्धनान्मृत्योर्मुक्षीय मामृतात्॥’ ऋग्वेद, सातवं मंडल, 59 वं सूक्त, बारावी म्हणजे शेवटची ऋचा. हा अनुष्टुभ, चरणाला आठ अक्षरं. पहिला चरण मोजला तर सातच भरतात. ‘त्रियम्बकं’ म्हटलं की आठ. गायत्री मंत्रात ‘वरेण्यं’च्या जागी ‘वरेणियं’ म्हटल्यावर आठ होतात, तीच गोष्ट. संधी घट्ट करणारे नंतरचे, उच्चार मोकळा ठेवणारे आधीचे. म्हणजे ऋचा जुन्या ढंगाची आहे.

पण ती मुळात या सूक्तातली आहे का? पोथ्यांची मतं घेतली तर शंकाच नको, ऋग्वेदाच्या पाठात ती आहेच. इथे मजकुराची मांडणी बोलते. दुसऱ्या ते सातव्या मंडलांत सूक्तं देवतेनुसार लावली आहेत, आणि एका देवतेची सूक्तं मोठ्याकडून लहानाकडे. ओल्डेनबर्ग या जर्मन अभ्यासकाने 1888 साली हा नियम तपशीलवार तपासला. सातव्या मंडलातली मरुतांची सूक्तं 56 ते 59. त्यांच्या ऋचा मोजा: 25, 7, 6, आणि मग एकदम 12. उतरती भाजणी शेवटच्या पायरीला वर चढते. सूक्त 59 मध्ये छंदही चार वेळा बदलल्यासारखे येतात, आणि छंद बदलतो तिथे तोडलं तर ती छोट्या छोट्या तुकड्यांची जुडी निघते. शेवटचा तुकडा आपली ऋचा. बाकी सूक्त मरुतांचं, ही एकटी त्र्यंबकाची, म्हणजे रुद्राची.

आणि मग शाकल्य. त्याने ऋग्वेदाच्या हजारो ऋचांची पदं सोडवली, पण सहा ऋचा न सोडवता तशाच ठेवल्या. त्यांतली एक ही. तिला पदपाठात सुटी पदं नाहीत, म्हणून त्यावर बांधलेले पुढचे पाठही नाहीत. या ऋचा आपल्या संहितेतल्या आहेत असं शाकल्य मानत नव्हता, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. मला या मौनाचं फार अप्रूप वाटतं. अडीच हजार वर्षांपूर्वीचा एक माणूस शंका घेतो, ती कुठेही लिहून ठेवत नाही, आणि ती शंका त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने, ती शंका आहे हे माहीत नसतानाही, पाठ केली.

मांडणी, विषय आणि पदपाठ हे तिन्ही पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, आणि तिन्ही एकच सांगतात: या जागी ही ऋचा नंतर आली. घाईने यावरून ‘महामृत्युंजय मंत्र बनावट’ असं कोणी म्हणू नये. अस्सल आहे का, या प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेले असतात. ऋचा जुनी आहे का, ती या सूक्तात मुळापासून आहे का, आणि परंपरा जिचं श्रेय वसिष्ठांना देते ती त्यांच्याच कुळातली आहे का. दुसऱ्याला उत्तर नाही असं येतं, तिसरं त्यामुळे डळमळतं, आणि पहिल्याला मात्र होय.

होय कशावरून? कारण तिचं स्वतःचं घर सापडतं. यजुर्वेदात, तैत्तिरीय आणि वाजसनेयी दोन्ही संहितांत, ही ऋचा त्र्यंबक होमाच्या मंत्रांत येते. तिथे ती उपरी वाटत नाही, कर्म रुद्राचं आणि मंत्रही रुद्राचा. वाजसनेयी संहितेत तर तिला एक जोडीदारही आहे, जो ऋग्वेदात आलाच नाही: ‘त्र्यम्बकं यजामहे सुगन्धिं पतिवेदनम्। उर्वारुकमिव बन्धनादितो मुक्षीय मामुतः॥’ पुष्टी वाढवणारा नव्हे, नवरा मिळवून देणारा. ‘शतपथ ब्राह्मण’ हा यज्ञविधी समजावणारा ग्रंथ सांगतो, की हा मंत्र कुमारिकांनी म्हणत अग्नीभोवती फिरायचं. पिकलेली काकडी देठातून सुटते तशी मी इथून सुटावी, तिथून नको. इथून म्हणजे माहेरच्यांकडून, तिथून म्हणजे नवऱ्याकडून.